लाकडी तुकडे, नग चौसष्ट

भंगारवाला सुटला, त्याचं बूटवालीला फारसं आश्चर्य वाटलं नाही. जप्तीच्या पंचनाम्यावर सह्या असलेले दोन्ही पंच साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून म्हणाले होते, "आम्ही काही बघितलं नाही, साहेब. चौकीत कागद पुढे केला, सही केली." पंचांनीच असं हात झटकल्यावर कोर्ट तरी काय करणार? संशयाचा फायदा आरोपीला. हे तिच्या वकीलबाईंनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. ती मनाची तयारी करूनच बाकावर बसली होती.

पण साहेबांनी निकालाचा शेवटचा परिच्छेद वाचला, तेव्हा तिला आपले कान नीट नाहीत असं वाटलं.

"मुद्देमाल क्रमांक एक, चामडे शिवण्याचे यंत्र, आरोपीच्या ताब्यातून जप्त झाले असल्याने अपिलाची मुदत संपल्यानंतर आरोपीस परत करावे. क्रमांक दोन, लोखंडी पहार, सरकारजमा करावी. क्रमांक तीन, गोणी व लाकडी तुकडे, नग चौसष्ट, निरुपयोगी असल्याने अपिलाच्या मुदतीनंतर नष्ट करावेत."

पुढची केस पुकारलीसुद्धा. ती बाकावरून उठून उभी राहिली, तर शिपायाने हाताने खाली बसायची खूण केली.

बाहेर व्हरांड्यात तिने वकीलबाईंचा हात घट्ट धरला. "मशीन त्याला? माझी मशीन त्याला? आणि फर्मे जाळायचे?"

"थांबा जरा. आधी निकालाची नक्कल घेऊ."

"नक्कल कसली घेता! माझ्या घरात चोरी झाली आणि कोर्ट चोराला म्हणतं, घे बाबा, तुझी वस्तू घेऊन जा?"

भंगारवाला जिन्यावरून उतरताना थांबला. तो काही वाईट तोंडाचा माणूस नव्हता. बोलायचा तो गोडच. "ताई, माझ्याशी कशाला भांडता? कोर्टाने दिलंय. टेम्पो घेऊन येईन दोन महिन्यांनी," म्हणाला, आणि निघून गेला.

त्या चौसष्ट लाकडी तुकड्यांबद्दल सांगायला हवं, नाहीतर तिचा राग कुणाला कळायचा नाही.

बाजारात तयार मिळणारा बूट ज्यांच्या पायात जात नाही, अशांसाठी ती बूट बनवायची. एक पाय आखूड असलेले, जन्मतः पावलं आत वळलेले, अपघातात अर्धी बोटं गेलेले, साखरेच्या आजाराने तळव्याला जखमा होणारे. अशा प्रत्येक पायाचा एक लाकडी साचा लागतो. त्याला फर्मा म्हणतात. त्याच्यावर चामडं ताणून बूट आकाराला येतो. तिचे वडील, ज्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणायची, ते हे फर्मे कोरायचे. माणसाला कागदावर उभं करून पावलाची रेघ काढायची, बोटांनी तळवा चाचपायचा, कुठे हाड वर आलंय, कुठे दुखतंय ते विचारायचं, आणि मग पटाशी आणि कानस घेऊन तीन तीन दिवस बसायचं. बूट चावला की फर्मा पुन्हा कानशीखाली. एकेका फर्म्यात दोन-दोन वर्षांच्या दुरुस्त्या मुरलेल्या असायच्या. खालच्या बाजूला आप्पा शाईने नाव लिहायचे, आणि नावाखाली एखादी सूचना: 'डावी टाच हळवी', 'पावसाळ्यात सूज'. मुलीला शिवण शिकवली, पण कोरणं त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. चोरी व्हायच्या वर्षभर आधी त्यांचा उजवा हात थरथर कापायला लागला आणि कोरणं बंद झालं. त्यामुळे जे फर्मे होते, ते होते. नवे होणार नव्हते.

चोराने पहारीने कडी उचकटली, मशीन उचलली, आणि मशीनला टेकू म्हणून, वाटेत हलून वाजू नये म्हणून, कोपऱ्यातली फर्म्यांची भरलेली गोणीही टेम्पोत टाकली. आठव्या दिवशी पोलिसांना दोन्ही गोष्टी भंगाराच्या दुकानामागे सापडल्या. सापडल्याचं कळलं तेव्हा तिने गल्लीत पेढे वाटले होते. तिला काय ठाऊक, चोराकडून सुटलेली वस्तू पुढे कुठे अडकते ते!

खटला चालू असताना तिने मशीन ताब्यात मागून पाहिली होती. बंधपत्र लिहून देते, म्हणाली. कोर्ट बोलवेल तेव्हा हजर करते, विकणार नाही, बदलणार नाही. पण मशीनवरचा नंबर कुणीतरी घासून काढला होता आणि आरोपीचा वकील म्हणाला, मशीन यांचीच कशावरून? तेव्हाच्या साहेबांनी लिहिलं, मालकी पुराव्यात ठरेल, तोवर मुद्देमाल कोर्टात राहील. तो राहिला. तीन वर्षं राहिला. मधल्या काळात ती भाड्याच्या मशीनवर पर्सचे पट्टे शिवत होती. तिची जुनी गिऱ्हाइकं जुनेच बूट ठिगळं लावून वापरत होती. शाळेत गणित शिकवणाऱ्या मॅडम, ज्यांचा डावा पाय तीन बोटं आखूड, त्या भर वर्गात फळ्यासमोर पडल्या, कारण झिजलेल्या बुटाचा तळ सुटला. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त विचारलं, "अजून किती दिवस गं?"

पुराव्यात तिने मशीन ओळखलीही होती. मशीनचा चामडं दाबून धरणारा पाय एकदा तुटला होता, तेव्हा तिने दाराच्या पितळी बिजागरीचा तुकडा कापून, घासून तिथे बसवला होता. असा पाय जगात दुसऱ्या मशीनला असणार नाही. तिने तो भर कोर्टात बोट ठेवून दाखवला. आरोपीच्या वकिलाने त्यावर एक प्रश्नही विचारला नाही. फर्म्यांबद्दल मात्र तिला कुणी काही विचारलंच नाही. जप्तीच्या पंचनाम्यात पोलिसांनी 'लाकडी तुकडे' लिहिलं, तेच आरोपपत्रात आलं, तेच मुद्देमालाच्या यादीत, तेच निकालात. चार ठिकाणी चार माणसांनी लिहिलं, आणि गोणीचं तोंड एकानेही उघडलं नाही.

नक्कल मिळायला अकरा दिवस लागले. वकीलबाईंनी ती वाचली, चष्मा काढला.

"हे बघा. तो सुटला म्हणून वस्तू त्याची झाली, असा कायदा नाही. सुटका वेगळी, मालकी वेगळी. खटला संपल्यावर वस्तूचा हक्कदार कोण हे कोर्टाने पुराव्यावरून बघायचं असतं. ज्याच्याकडून जप्त झाली त्याला परत, हे सगळीकडे आंधळेपणाने चालत नाही. या एवढ्या आदेशाविरुद्ध आपण वरच्या कोर्टात अपील करू शकतो."

"आणि तोवर?"

"तोवर कुणी हात लावू शकत नाही. स्थगिती घेऊ."

"बाई, एक विचारू? तो म्हणाला होता ना, माझ्याकडे काही सापडलंच नाही, पोलिसांनी आणून टाकलं?"

वकीलबाईंनी खटल्याची फाईल उलटी केली आणि शेवटून पानं चाळायला लागल्या. पुरावा संपला की कोर्ट आरोपीला एकेक गोष्ट विचारून त्याचं म्हणणं लिहून घेतं, ते पान त्यांना हवं होतं. सापडलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि टेबलावर थाप मारली.

"ताई, वकील तुम्ही व्हायला हवं होतं."

अपील दाखल झालं मुदतीच्या आत, छत्तिसाव्या दिवशी. वरच्या कोर्टाने आदेशाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली, क्रमांक एक आणि तीन दोन्हींना. आदेशाची नक्कल तिने स्वतः खालच्या कोर्टाच्या आवक टेबलावर नेऊन दिली. मुद्देमालाचा कारकून रजेवर होता. टेबलावरच्या माणसाने शिक्का मारला, तारीख टाकली, एक प्रत ठेवून घेतली, दुसरी तिला दिली. ती प्रत पिशवीत घेऊनच ती फिरायची. आप्पा म्हणायचे, "कागद आहे की ताईत?"

आणि ताईतच ठरला, पण अर्धाच.

दोन महिने पुरे होऊन आठवडा झाला होता. सकाळी साडेदहाला वकीलबाईंचा फोन आला. "मी दुसऱ्या गावी सुनावणीला आलेय. माझ्या कारकुनाने आत्ता सांगितलं, आपल्या कोर्टाच्या नोटीस बोर्डावर नष्ट करायच्या मुद्देमालाची यादी लागलीय. आज अकरा वाजता, मागच्या आवारात. आपला नंबर आहे त्यात. तुम्ही जा. कागद घेऊन जा. मी कोर्टाच्या कचेरीत फोन लावत राहते."

ती चपला न घालताच निघाली होती, हे तिला रिक्षात बसल्यावर कळलं.

कोर्टाच्या मागे भिंतीलगत एक मोकळी जागा होती. तिथे पोलिसांच्या जुन्या मोटारसायकली गंजत पडल्या होत्या. एका बाजूला हातभट्टीच्या दारूचे कॅन गटारात रिकामे केले जात होते आणि वासाने डोकं उठत होतं. दुसऱ्या बाजूला एक माणूस कटरने सुऱ्यांची पाती कापत होता. आणि मधे, अर्ध्या कापलेल्या लोखंडी पिंपात, आग पेटली होती. मारामारीतले रक्ताचे कपडे, चटया, फाटकी दप्तरं त्यात जळत होती. कपडे नुसते धुमसतात, म्हणून शिपाई मधूनमधून एका गोणीतून लाकूड काढून आत टाकत होता.

फर्मे. जळणाला वापरत होता.

"थांब!" ती ओरडली. "अरे थांब! टाकू नकोस!"

शिपायाच्या हातात एक लहानसा फर्मा होता, पोरवयाच्या पायाचा. तो गोंधळला. टेबल टाकून बसलेला मुद्देमालाचा कारकून उठला. शेजारी खुर्चीत नाझर बसले होते, हे सगळं त्यांच्या देखरेखीखाली चाललं होतं.

"कोण तुम्ही? इथे यायला परवानगी नाही."

"मी फिर्यादी. ही गोणी माझी. याला वरच्या कोर्टाची स्थगिती आहे." तिने पिशवीतून कागद काढून टेबलावर आपटला. "हा बघा शिक्का. तुमच्याच आवकचा. तारीख बघा."

कारकुनाने कागद वाचला. त्याच्या कपाळावर घाम आला, पण आगीमुळे असेल. "माझ्यापर्यंत आला नाही हा."

"तुमच्यापर्यंत कोण आणणार होतं? मी? मी आणला होता!"

"आम्ही विचारणा केली होती, बाई. निकालाविरुद्ध अपील आहे का, म्हणून. नाही, असं उत्तर आलं. सुटकेविरुद्ध सरकारचं अपील नाहीच आहे. हे तुमचं मुद्देमालाचं अपील वेगळ्या रजिस्टरला असतं..."

"म्हणजे एका खोलीतल्या रजिस्टरला शेजारच्या खोलीतल्या रजिस्टरची खबर नाही, आणि त्यात माझ्या बापाची तीस वर्षं गेली चुलीत?"

नाझर मधे पडले. ते वयाने मोठे, शांत बोलणारे होते. "हे बघा, ताई, नुकसान भावनिक आहे, मान्य. पण लाकडाचे तुकडेच आहेत ना शेवटी?"

तिने शिपायाच्या हातातला फर्मा हिसकावून घेतला आणि उलटा करून नाझरांच्या डोळ्यांपुढे धरला. "वाचा."

नाझरांनी वाचलं. एका मुलीचं नाव होतं. खाली आप्पांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'उजव्या करंगळीला जागा सोडणे, लाजते, सांगत नाही'.

नाझरांनी शिपायाला हातानेच गोणी बाजूला घ्यायला सांगितलं.

पिंपाच्या तळाशी अजून काही फर्म्यांचे आकार दिसत होते, लालबुंद, टाच अन् टाच ओळखू येईल असे. तिने एका काठीने ओढून पाहिलं. ते चुरा होऊन पडले.

मग ती टेबलाकडे वळली. तिथे नष्ट केल्याचा पंचनामा लिहून तयार होता. दोन पंचांच्या सह्याही झाल्या होत्या. पंच कुठे होते? एक दारूच्या कॅनांजवळ फोनवर बोलत होता, दुसरा चहा प्यायला गेला होता. क्रमांक तीनसमोर स्पष्ट लिहिलं होतं: 'लाकडी तुकडे, नग चौसष्ट, आमच्या समक्ष जाळून पूर्णपणे नष्ट केले.'

"हे तुम्ही जाळायच्या आधीच लिहिलं?"

"वेळ वाचतो," कारकून म्हणाला. खरंच असं म्हणाला.

"आता मोजा."

"बाई..."

"मोजा! तीन वर्षांपूर्वी दोन माणसांनी न बघता सह्या केल्या म्हणून चोर सुटला. आज पुन्हा दोघांनी न बघता सह्या केल्या. कोर्टाच्याच आवारात! तुम्हाला लाज वाटत नाही? मी इथून हलणार नाही. माझ्यासमोर गोणी रिकामी करा आणि मोजा."

आजूबाजूला वकील जमले होते, काही पक्षकार जमले होते. कुणीतरी मोबाइल काढला. नाझर म्हणाले, "मोजा." कारकुनाने गुडघे टेकले आणि मातीत एकेक फर्मा मांडायला सुरुवात केली. एक्केचाळीस भरले. तेवीस गेले होते. तिने प्रत्येक फर्मा उलटून नाव वाचलं, आणि कोणती नावं उरली यावरून कोणती गेली ते मनात ताडत गेली. गणिताच्या मॅडमची जोडी कुठेच नव्हती.

खोटा पंचनामा नाझरांनी रद्द केला, नवा लिहायला लावला. त्यात तेवीस जळाले, एक्केचाळीस शिल्लक, स्थगितीची प्रत दाखवल्याने थांबवले, असं आलं. त्यावर तिने सही केली, पण पूर्ण वाचून, आणि वाचायला तिने मुद्दाम वेळ लावला. एक्केचाळीस फर्मे पुन्हा सीलबंद झाले. तिला ते हातात घेऊन जाता आले नाहीत. कायदाच तसा, वरच्या कोर्टाचा आदेश होईपर्यंत ते कोर्टाचेच.

अपिलाची सुनावणी पुढच्या महिन्यात झाली. भंगारवाल्याला नोटीस गेली होती. तो वकील घेऊन हजर होता. त्याच्या वकिलाचं म्हणणं सरळ होतं: जप्ती आरोपीकडून, आरोपी निर्दोष, वस्तू आरोपीची.

वकीलबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते पान वाचलं. "प्रश्न: हे यंत्र तुमच्या दुकानातून जप्त झाले, याबद्दल काय सांगायचे आहे? उत्तर: खोटे आहे. यंत्र माझे नाही. माझ्याकडे कधीही नव्हते."

न्यायाधीशबाईंनी भंगारवाल्याकडे पाहिलं. "हे तुम्हीच सांगितलं होतं?"

"हो, बाईसाहेब. पण..."

"तुमची नव्हती, तुमच्याकडे नव्हती, तर परत कशाला मागता?"

त्याच्या वकिलाने त्याच्या कोपराला हात लावला. खालच्या कोर्टाचा आदेश त्या दिवशी बदलला. पितळी तुकड्याच्या ओळखीला कुणी आव्हान दिलेलं नाही, दुसरा कुणी दावेदार नाही, म्हणून यंत्र आणि उरलेले फर्मे फिर्यादीला परत. पहारीचं काही बदललं नाही, ती सरकारजमाच राहिली. जळलेल्या तेवीस फर्म्यांबद्दल न्यायाधीशबाईंनी खेद लिहिला आणि खालच्या कोर्टाकडून चौकशीचा अहवाल मागवला. वकीलबाई म्हणाल्या, एवढं लिहिलंय हेही थोडं नाही. बूटवालीला ते थोडंच वाटलं.

वस्तू घ्यायला ती आप्पांना घेऊन गेली. मुद्देमालाची खोली तळघरात होती. खालून वर ओल आलेली, रॅकवर पोती, गाठोडी, सायकली, एक पाळणा, एका कोपऱ्यात लग्नाची पेटी, सगळ्यांना दोऱ्याने बांधलेली लेबलं. आप्पा दारातच थांबून म्हणाले, "किती लोक वाट बघत असतील गं." मशीन बाहेर आली तेव्हा बूटवालीने तिच्या चाकाला हात लावला, तर ते फिरेना. सगळीकडे गंज होता, आणि शटलच्या फटीत सीलची लाख वितळून बसली होती.

कारकुनाने पावती पुढे केली. तो आता तिच्याशी अदबीने बोलत होता. छापील पावती होती: 'वरील मुद्देमाल पूर्ण व सुस्थितीत मिळाला.'

"इथे सही करा, ताई."

तिने पेन घेतलं आणि 'पूर्ण व सुस्थितीत' या शब्दांवर जाड रेघ मारली.

"अहो, असं चालत नाही! पावतीत खाडाखोड..."

"सुस्थितीत नाही. पूर्ण नाही. मी खोट्यावर सही करणार नाही. या मुद्देमालावर खोट्या सह्या खूप झाल्या."

तिने खाली मोकळ्या जागेत लिहायला सुरुवात केली. मशीन गंजलेली, चाक बंद, शटलमधे लाख. फर्मे चौसष्टपैकी एक्केचाळीस. मग ज्यांचे फर्मे जळाले त्या गिऱ्हाइकांची नावं लिहायला लागली. जागा संपली तेव्हा पावती उलटी करून मागे लिहिलं. कारकून उभा राहून बघत होता. मागे रांगेत एक म्हातारा आपल्या सायकलीची वाट बघत होता. तो म्हणाला, "लिही बाई, लिही. मला घाई नाही."

मशीन दुरुस्त व्हायला दोन आठवडे गेले. एक्केचाळीस फर्म्यांपैकी नऊ मुलांचे होते, आणि तीन वर्षांत मुलांचे पाय कुणासाठी थांबत नाहीत. ते नऊही निकामी झाले. चौकशीचं एक पत्र आलं, त्यात लिहिलं होतं, संबंधितांना समज देण्यात आली आहे. तिने ते पत्र खिळ्याला अडकवलं.

गणिताच्या मॅडम आल्या, तेव्हा आप्पा त्यांच्यापुढे मान वर करीनात. जणू जाळणारे तेच. मॅडम कागदावर उभ्या राहिल्या. बूटवालीने रेघ काढली, तळवा चाचपला, आणि लाकडाचा ठोकळा शिकंज्यात आवळला. आप्पा शेजारी स्टुलावर बसले, कापणारा हात मांडीखाली दाबून.

"टाचेकडून धर," ते म्हणाले. "टाचेकडून. आणि कानस ओढू नकोस, ढकल."